अंघोळीनंतर कानाला बसलेले दडे: मळ मऊ कसा करावा, कानात काय घालू नये आणि डॉक्टरांकडे कधी जावे

प्रश्न: डॉक्टर, माझ्या वडिलांचे वय 61 आहे. रविवारी डोक्यावरून अंघोळ केल्यापासून त्यांच्या उजव्या कानाला दडे बसले आहेत. पाण्याखाली असल्यासारखे ऐकू येते म्हणतात. कान दुखत नाही, वाहतही नाही. अंघोळीनंतर रोज इअर बडने कान पुसायची त्यांना सवय आहे. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. आई म्हणते लसूण घालून कढवलेले तेल घाला, शेजारी म्हणतात सिरिंजने पाणी मारा. मळच असेल तर घरी काय करावे आणि डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

उत्तर:

अंघोळीनंतर अचानक बसलेले दडे, वेदनेचा अभाव आणि रोजच्या बडची सवय या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या, तर तुमच्या वडिलांच्या कानात घट्ट झालेला मळ असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. तो मऊ करणारे थेंब घरी घालता येतात. मात्र पहिला थेंब घालण्यापूर्वी हा खरोखर मळच आहे का आणि कानाचा पडदा शाबूत आहे का, या दोन गोष्टी तपासून घ्याव्या लागतील. कढवलेले तेल आणि घरची सिरिंज मात्र दोन्ही नकोत. त्यांची कारणे पुढे सांगतो.

मळ कानात नेमका कोठे तयार होतो हे समजले की बाकीचा उलगडा सोपा होतो. प्रौढ माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा असतो, तेथे केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी केवळ तेथेच असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असतो. त्याच्यावरची कातडी कागदासारखी पातळ आणि अतिशय संवेदनशील असते, आणि तेथे मळ मुळीच तयार होत नाही. याचा अर्थ असा की, डॉक्टरांना पडद्याला टेकलेला मळ दिसतो तेव्हा तो बहुतेक वेळा कोणीतरी तेथवर ढकललेला असतो. एरवी कान स्वतःला स्वच्छ ठेवतो. पडद्यावरची आणि नळीची कातडी नखाच्या वाढीइतक्या संथ गतीने आतून बाहेर सरकत असते, बोलताना आणि चावताना जबडा हलतो त्याची तिला मदत होते, आणि तिच्यावर बसलेला मळ कोरडा होऊन आपोआप बाहेर पडतो. हा मळ म्हणजे घाणही नव्हे. त्याच्या तेलकटपणामुळे कानात पाणी मुरत नाही आणि जंतू व बुरशी यांना तेथे सहज बस्तान बसवता येत नाही.

इअर बडचे डोके नळीच्या मानाने जाड असते. ते आत घातले की कडेचा थोडा मळ कापसाला लागतो, तो पाहून कान साफ झाल्याचे समाधान मिळते; परंतु त्याच वेळी उरलेला मळ उखळात मुसळाने कांडावा तसा आत दाबला जातो. रोज थोडा थोडा दाबला जाऊन वर्षा-दोन वर्षांत त्याचा दट्ट्या तयार होतो. या सगळ्या काळात ऐकण्यात फरक पडत नाही, कारण आवाज आत जायला केसाएवढी फट उरली तरी पुरते. मग एके दिवशी डोक्यावरून अंघोळ करताना कानात पाणी जाते, कोरडा मळ ते शोषून फुगतो आणि ती शेवटची फट बुजते. म्हणूनच माणसाला वाटते की दडे अचानक बसले; प्रत्यक्षात रविवारी फक्त दार लागले, भिंत आधीपासून बांधली जात होती. पोहून आल्यावर किंवा पावसात भिजल्यावर दडे बसतात तेही याच कारणाने. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना आणि तासन्‌तास कानात इअरफोन ठेवणाऱ्यांनाही हा त्रास वारंवार होतो, कारण त्यांच्या कानातल्या मळाची बाहेर येण्याची वाटच अडलेली असते.

आता पहिली खात्री. वडिलांना शांत खोलीत बसवा, तोंड मिटून घशातून ‘हंऽऽ’ असा एकसुरी आवाज काढायला सांगा आणि तो कोणत्या कानात जास्त घुमतो ते विचारा. मळाने नळी बंद झाली असेल तर आवाज बंद कानातच, म्हणजे उजव्या कानात जास्त घुमेल. निरोगी कानात बोट घालून तुम्ही स्वतः हा प्रयोग केलात तर काय अपेक्षित आहे ते लगेच कळेल. याउलट आवाज चांगल्या, म्हणजे डाव्या कानाकडे जात असेल, तर बिघाड नळीत नसून आतल्या कानात किंवा श्रवणाच्या नसेत असण्याची शंका घ्यावी लागते. डॉक्टर ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवून जी तपासणी करतात, तिचेच हे घरगुती रूप आहे. ते अंतिम निदान नाही. मधोमध ऐकू येते असे उत्तर आले किंवा वडिलांना नीट सांगता आले नाही, तर त्यावरून काहीही गृहीत धरू नका, कान दाखवून घ्या.

या साध्या प्रयोगावर मी एवढा भर का देतो, तेही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक पंचेचाळिशीचे किराणा दुकानदार माझ्याकडे आले. सकाळी उठले तेव्हा डाव्या कानाला दडे बसलेले होते, दुखत नव्हते, कानात बारीक शिट्टीसारखा आवाज मात्र येत होता. मळच असणार असे घरात सर्वांचे मत पडले. पहिला आठवडा तेल, दुसरा आठवडा दुकानातून आणलेले थेंब, तिसरा आठवडा कोणीतरी सुचवलेला शेक यांत गेला. मी पाहिले तेव्हा नळी अगदी स्वच्छ होती, पडदा चमकत होता, आणि ‘हंऽऽ’चा आवाज उजवीकडे जात होता. श्रवणचाचणीत डाव्या कानाची नस बधिर झाल्याचे दिसले. अशा अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टिरॉइडचे उपचार करतात. ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकू येण्याची आशा अधिक असते आणि दोन आठवडे उलटून गेल्यावर ती बरीच कमी होते. त्यांचा तो कान परत आला नाही. मळाने कोणाचे फारसे नुकसान होत नाही, पण मळ नसताना मळ समजून थांबल्याने असे कायमचे नुकसान होऊ शकते. म्हणून काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचे ऐकणे एकदम कमी झाले असेल आणि त्याला पाणी जाण्यासारखे स्पष्ट कारण नसेल, किंवा सोबत कानात शिट्टीसारखा मोठा आवाज वा भोवळ असेल, तर थेंबांच्या वाटेला न जाता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत पाणी जाण्याचा संबंध स्पष्ट आहे. तरीही ‘हंऽऽ’चा आवाज डावीकडे गेला, तर तुम्हीही तेच करायचे.

दुसरी खात्री पडद्याची. वडिलांना लहानपणी किंवा नंतर कधी कान फुटून वाहण्याचा त्रास होता का, पडद्याला भोक असल्याचे कोणी सांगितले होते का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, हे विचारा. यातल्या एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर घरी कोणतेही थेंब घालू नयेत. भोकातून थेंब मधल्या कानात उतरतात, त्याने जबर आग होते, भोवळ येते आणि जुना संसर्ग उफाळून येतो. आत्ता कानातून पू, पाणी किंवा रक्त येत असेल, ताप असेल, किंवा कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा दाबल्यावर अथवा पाळी ओढल्यावर दुखत असेल, तरीही थेंब नकोत. ही लक्षणे सुजेची किंवा संसर्गाची आहेत आणि त्यांचा उपचार वेगळा आहे.

दोन्ही खात्री झाल्या की थेंब कोणते, हा प्रश्न येतो. मळ मऊ करणाऱ्या थेंबांवर बरेच अभ्यास झाले आहेत. त्यांचा एकत्रित आढावा 2018 मध्ये घेण्यात आला, तेव्हा पाच दिवस थेंब घालणे हे काहीच न करण्यापेक्षा चांगले, एवढे दिसले. परंतु अमुक एक थेंब दुसऱ्यापेक्षा सरस, असे सिद्ध झाले नाही. साधे सलाइन, म्हणजे औषधी मिठाचे पाणीही मागे पडले नाही. म्हणून महागड्या बाटलीचा आग्रह मी धरत नाही आणि सर्वांत कमी त्रास देणारा पर्याय निवडतो. कोरड्या, काळपट, दगडासारख्या मळासाठी 5 टक्के सोडियम बायकार्बोनेटचे थेंब मला आवडतात. बहुधा त्यात ग्लिसरीनही असते. हे पाण्यात विरघळलेले औषध असल्यामुळे ते मळात मुरते आणि त्याचे कण सुटे करते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून घरी मात्र हे थेंब बनवू नयेत, कारण प्रमाण आणि स्वच्छता दोन्ही हातात राहत नाहीत. तेलाचा पर्याय घ्यायचा असेल तर शुद्ध ऑलिव्ह तेल किंवा बदाम तेल चालते. सुकामेव्याची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने बदाम तेल टाळावे. तेल सुवासिक, औषधी वनस्पतींचे किंवा देवघरातल्या उघड्या भांड्यातले नसावे, छोटी नवी बाटली फक्त कानासाठी ठेवावी. मोहरीच्या तेलाने नळीची आग होते, ते नको. पावसाळ्यात आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, कानात बुरशी होण्याचे प्रमाण वाढते, आणि सतत तेल घातलेल्या कानात ती चांगली फोफावते, असा माझा अनुभव आहे. म्हणून त्या दिवसांत मी तेलापेक्षा सोडियम बायकार्बोनेटकडे झुकतो आणि तेल दिलेच तर पाच दिवसांच्या पुढे जाऊ देत नाही.

औषधांच्या दुकानात ‘मळाचे थेंब’ म्हणून आणखी एक मिश्रण सर्रास मिळते. त्यात पॅराडायक्लोरोबेन्झीन, बेन्झोकेन, क्लोरब्युटॉल आणि टर्पेंटाइनचे तेल असते. त्याने मळ मऊ होतो, पण काहींच्या कातडीला टर्पेंटाइन झोंबते, आणि बेन्झोकेन हे बधिर करणारे औषध असल्याने खरी वेदना झाकली जाऊ शकते. मधुमेह्याच्या कानात वेदना ही आपली पहिली घंटा असते. ती दबली जाऊ नये म्हणून तुमच्या वडिलांसाठी मी हे मिश्रण निवडणार नाही. याहून महत्त्वाची सूचना अशी की, दुकानात जाऊन नुसते ‘कानाचे थेंब द्या’ असे म्हणू नका. तसे मागितल्यावर पुष्कळदा प्रतिजैविकाचे, स्टिरॉइडचे किंवा बुरशीवरचे थेंब हाती पडतात. त्यांनी मळ हलत नाही, आणि जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब फाटलेल्या पडद्यातून आत गेले तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. ‘मळ मऊ करणारे, सोडियम बायकार्बोनेटचे’ असे स्पष्ट सांगा आणि लेबल वाचून घ्या.

थेंब घालण्याची रीत साधी असली तरी घाईने केल्यास औषध वाया जाते. बाटली फ्रिजमध्ये ठेवलेली असेल तर बाहेर काढून ठेवा, आणि घालण्यापूर्वी चार-पाच मिनिटे मुठीत धरून अंगाइतकी कोमट होऊ द्या. थंड थेंब आत गेला की आतल्या कानातील द्रव हलतो आणि काही क्षण सारे गरगरते. साठीच्या माणसाला त्या भरात उठून पडायला वेळ लागत नाही. बाटली गरम पाण्यात बुडवू नका किंवा गॅसजवळ धरू नका. वडिलांना डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उजवा कान वर येईल. कानाची पाळी हलकेच वर आणि मागे ओढा. प्रौढांची नळी त्याने सरळ होते. ड्रॉपरचे टोक कानाला न टेकवता नळीच्या कडेने दोन ते तीन थेंब सोडा, म्हणजे खाली हवा अडकून राहत नाही. भोकापुढचा उंचवटा बोटाने पाच-सहा वेळा हळू दाबा आणि पाच ते दहा मिनिटे तसेच पडून राहू द्या. उठल्यावर बाहेर ओघळेल ते रुमालाने पुसा. कानात कापसाचा बोळा घालू नका, कारण औषध मळात मुरण्याऐवजी कापसात मुरते. असे दिवसातून तीन वेळा, तीन ते पाच दिवस करावे. रात्रीची वेळ झोपण्यापूर्वीची ठेवली आणि उशीवर जुना टॉवेल घातला तर सोयीचे पडते.

पाच दिवसांत काय होईल, हे आधी माहीत असले तर धीर सुटत नाही. समजा गुरुवारी सकाळी सुरुवात केली. गुरुवारी आणि शुक्रवारी ऐकू येणे आणखी कमी होण्याची शक्यता आहे, कारण मळ ओलावा धरून फुगतो; थेंब उलटलेत की काय अशी शंका येते ती नेमकी याच वेळी, आणि पुष्कळ लोक तेव्हाच थेंब सोडून काडी हातात घेतात. दुखत नसेल तर चालू ठेवावे. शनिवारच्या सुमारास कानात बुडबुडे फुटल्यासारखे वाटेल, उशीवर तपकिरी डाग दिसतील किंवा मेणासारखे तुकडे बाहेर येतील. काहींचा कान जांभई देताना एकदम उघडतो. काहींचा मळ न दिसताच सुटत जातो. रात्री कुशीवर झोपलेले असताना मळ बाहेर सरकतो, म्हणून बंद कान उशीकडे करून झोपणे बरे. या काळात अंघोळीला कानात पाणी जाऊ देऊ नका. व्हॅसलीन चोळलेला कापूस कानाच्या तोंडाशी, आत न दाबता, अंघोळीपुरता धरला तरी पुरते. थेंब पडताच जळजळ झाली, कान ठणकू लागला, खाज वाढली किंवा पाणी येऊ लागले, तर त्याच क्षणी थेंब बंद करून कान दाखवावा. पाच दिवसांनंतरही दडे तसेच असतील तर आणखी आठवडाभर ओढत बसू नका. मऊ झालेला मळ डॉक्टर काही मिनिटांत काढतात, आणि त्या अर्थाने थेंब वाया गेलेले नसतात.

आता आईंच्या तेलाबद्दल. त्यांच्या सूचनेमागे काळजी आहे हे मी जाणतो, कारण आपल्या घरोघरी ही रीत चालत आली आहे. अडचण तेलात कमी आणि कढवण्यात जास्त आहे. बोटाला कोमट लागणारे तेल पडद्याला कोमट लागेलच असे नाही. आतली कातडी इतकी पातळ असते की बोटाला सहन होणाऱ्या उष्णतेने तिला फोड येऊ शकतो, आणि पडदा पोळल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. शिवाय लसणाचा अर्क स्वतः कातडी भाजतो, आणि लसणाचे बारीक कण आत राहिले तर ते पुढे चिमट्याने काढावे लागतात. आईंना साधे ऑलिव्ह तेल, न तापवता, दोन थेंब घालू द्या. त्यांचीही समजूत राहील आणि कानाचेही नुकसान होणार नाही.

कानात कधीही घालू नये अशा वस्तूंची यादी खरे तर एका वाक्यात मावते: कानाच्या भोकातून आत जाईल अशी कोणतीही टोकदार, कडक किंवा कापूस गुंडाळलेली वस्तू. तरीही नावे घेतो, कारण प्रत्येकाला आपली वस्तू त्यात नसेल असे वाटते. काडेपेटीची काडी, उदबत्तीची काडी, हेअरपिन, सेफ्टी पिन, गाडीची किल्ली, पेनचे टोपण, धातूचे कानकोरणे, आणि इअर बड, हे सारे त्यात आले. काडीचे टोक आत मोडते, बडचा कापूस सुटून आत राहतो, किल्लीने कातडी ओरबाडली जाऊन जंतूंना वाट मिळते. कान कोरताना मागून कोणाचा धक्का लागला आणि पडदा फाटला, असे रुग्ण दरवर्षी येतात. धक्का देणारे बहुतेक वेळा खेळणारे मूल किंवा उघडणारे दार असते. कान कोरताना कधी कधी ठसका लागतो, तो त्या नळीच्या कातडीत श्वसनमार्गाशी जोडलेल्या नसेची फांदी असल्यामुळे, आणि तो लागला म्हणजे हात नको तितका आत गेला आहे असे समजावे. रेल्वे स्थानकाबाहेर किंवा जत्रेत कान कोरून देणारे एकच सळई अनेकांच्या कानात फिरवतात, त्यांच्यापुढे बसू नये. मोबाइलला जोडायचा कॅमेरा लावलेली कानकोरणी हल्ली घरपोच मिळतात. मोबाइलवर आतले दृश्य दिसते म्हणून हाताला आत्मविश्वास येतो, पण सपाट चित्रात खोली कळत नाही आणि टोक पडद्यापासून किती दूर आहे हे उमगत नाही. कानात उभी करून पेटवायच्या मेणबत्त्या मळ ओढत नाहीत. त्यांच्या नळीत दिसणारा पिवळा चिकट पदार्थ मेणबत्तीचाच असतो, आणि वितळलेले मेण आत पडून भाजण्याची भीती वेगळी.

सिरिंजने पाणी मारण्याचा सल्ला तुमच्या वडिलांसाठी मी दोन कारणांनी स्पष्टपणे नाकारतो. पहिले कारण जोराचे. पिचकारीचा झोत सरळ पडद्यावर बसला आणि तो आधीच कमकुवत असेल तर फाटतो. दवाखान्यात पाणी मारतात तेव्हा ते 37 अंशांच्या आसपास गरम असते, झोत नळीच्या वरच्या व मागच्या भिंतीकडे वळवलेला असतो, आणि पाणी परत यायला जागा ठेवलेली असते. दुसरे कारण मधुमेहाचे. नळाचे पाणी मळामागे अडकले आणि कातडीला ओरखडा असला, तर जंतू, विशेषतः स्यूडोमोनास, आत शिरतात. मधुमेह्यांमध्ये, त्यातही उतारवयात, हा संसर्ग कातडीवर न थांबता कवटीच्या हाडापर्यंत पोहोचू शकतो. त्याची ओळख म्हणजे रात्री झोप मोडणारा, साध्या गोळीने न थांबणारा ठणका आणि कानातून येणारा स्राव. चेहरा एका बाजूला वाकडा होणे हे पुढचे लक्षण. असे आठवड्यांनीही सुरू होऊ शकते, म्हणून मळ निघाल्यानंतरच्या काळातही वडिलांचा कान रात्री ठणकू लागला तर सकाळची वाट पाहण्यापलीकडे उशीर करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनीही घरची पिचकारी वापरू नये. ज्यांना एकाच कानाने ऐकू येते, त्यांनी त्या कानाच्या बाबतीत तर थेंबांपासूनच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होईल याची भीती वडिलांना वाटत असेल, तर त्यांना सांगा की प्रथम केवळ प्रकाशाच्या उपकरणाने कान पाहिला जाईल. मऊ मळ असेल तर बारीक नळीने शोषून घेतात. त्याचा आवाज मोठा असतो आणि थोडी भोवळ येऊ शकते, पण दुखत नाही. घट्ट तुकडा छोट्या आकड्याने किंवा चिमट्याने, दुर्बिणीखाली पाहत काढतात. मधुमेहाच्या रुग्णाच्या कानात मी पाणी टाळतो आणि शोषून काढणेच पसंत करतो. मळ दगडासारखा असेल तर डॉक्टर थेंब देऊन तीन-चार दिवसांनी परत बोलावतील. ती टाळाटाळ नाही. कोरडा मळ ओढताना त्याला चिकटलेली कातडी सोलली जाते, म्हणून ते थांबतात. तुम्ही मधुमेहाची आणि घालत असलेल्या थेंबांची माहिती आपण होऊन सांगा, बाटलीही सोबत न्या.

लहान मुलांबद्दल थोडे, कारण हे वाचून कोणी नातवंडाच्या कानात थेंब घालायला जाईल. मुलाची कान बंद असल्याची तक्रार असेल तर त्याने आत काही घातले नाही ना, हे आधी पाहावे लागते. हरभरा, वाटाणा किंवा चिंचोका थेंबांच्या पाण्याने फुगून घट्ट बसतो, आणि खेळण्यातली बटणासारखी बॅटरी काही तासांत आतली कातडी जाळते. अशा वेळी थेंब न घालता थेट रुग्णालयात जावे. तान्ह्या बाळाला तेल लावताना कानात तेल सोडण्याची प्रथाही थांबवावी, त्याने मळ निघत नाही.

दडे सुटल्यावर वडिलांच्या हातातला बड काढून घेणे हे खरे काम आहे. अंघोळीनंतर टॉवेलच्या टोकाने बोट जाईल तेवढाच भाग पुसावा, मान एका बाजूला झुकवून पाणी निथळू द्यावे. दरवर्षी मळ साचणाऱ्यांना मी आठवड्यातून एकदा ऑलिव्ह तेलाचे दोन थेंब घालायला सांगतो, पण तेही कान डॉक्टरांनी एकदा पाहून पडदा चांगला असल्याचे सांगितल्यानंतरच, आणि पावसाळ्यात वगळून. वडिलांचा डावा कानही त्याच भेटीत पाहून घ्या. तो आज उघडा असला तरी बडची सवय त्याच्यावरही तेवढीच झाली आहे.

मळ पूर्ण निघाल्यानंतर त्यांना दोन्ही कानांनी सारखे ऐकू येते का, हे मात्र आवर्जून विचारा. फोन आधी एका कानाला, मग दुसऱ्याला लावून एकाच माणसाचे बोलणे ऐकायला सांगा. फरक जाणवला, किंवा टीव्हीचा आवाज आधीपासूनच मोठा ठेवावा लागत असेल, तर मळामागे वयाबरोबर आलेली श्रवणातली घट दडलेली असू शकते, आणि ती थेंबांनी कळणार नाही. त्यासाठी ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करून घ्यावी. ती करताना कान स्वच्छ असावा लागतो, म्हणून मळ काढल्यानंतरच तिची वेळ घ्या.